व्हीआरॅम भरल्यावर गेम अडखळतो : टेक्स्चर उतरवावे की दुसरे काही?

राजेंद्रनगरकर (इंदूर)

माझ्या संगणकात ८ जीबीचे आरटीएक्स ३०६० टीआय, रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड आणि १६ जीबी रॅम आहे. मॉनिटर १४४० पी आहे. खुल्या जगाचा एक नवा गेम सुरुवातीला अगदी सुरळीत चालतो. पण काही वेळाने शहरात शिरलो किंवा कॅमेरा झटकन वळवला, की चित्र अडखळते. टेक्स्चर अल्ट्रावर आहे, रे ट्रेसिंग चालू आहे आणि डीएलएसएस क्वालिटीवर ठेवले आहे. धाकटा भाऊ म्हणतो की टेक्स्चर मीडियमवर टाक. सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानदारांचे मत पडले की रिझोल्यूशन १०८० पी कर. व्हीआरॅम भरतो एवढे मला दिसते आहे, पण कशाला हात लावावा हे ठरत नाही.

लोकमान्यनगर

भावाचा सल्ला दुकानदारांच्या सल्ल्यापेक्षा अधिक बरोबर आहे, मात्र मीडियमपर्यंत उतरण्याची गरज बहुधा पडणार नाही. कारण सांगतो.

तुमच्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचली जाते. ती भरली, की विंडोज काही भाग साध्या रॅममध्ये हलवते आणि तो भाग पुन्हा लागला की पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने यावा लागतो. बी४५० मदरबोर्डावर ही वाट तिसऱ्या पिढीची आहे, म्हणजे कार्ड चौथ्या पिढीचे असले तरी कागदावर तिचा वेग सेकंदाला साधारण १६ जीबी, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. आता हिशेब करून पाहा. ६० फ्रेमच्या गतीला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. कॅमेरा वळल्यावर रॅममध्ये गेलेला २५६ एमबीचा माल परत आणायचा झाला, तर तेवढ्या वाहतुकीतच ती सगळी मुदत संपते आणि चित्र रेखाटण्याचे काम अजून सुरूही झालेले नसते. सरासरी एफपीएस चांगला दिसत असतानाही हाताला झटका जाणवतो तो यामुळे.

टेक्स्चर उतरवण्याचा लाभ असा, की जागा सर्वांत जास्त तिथेच सुटते आणि गतीला धक्का लागत नाही. बीसी७ पद्धतीने आवळलेले ४०९६ बाय ४०९६ चे एक टेक्स्चर १६ एमबीचे होते. त्याच्या लहान होत जाणाऱ्या प्रती धरल्या तर सुमारे २१ एमबी. एका भिंतीला रंगाचे, उंचसखलपणाचे आणि खरखरीचे अशी तीन टेक्स्चर लागली, तर ती भिंत ६४ एमबी व्यापते. सर्वांत मोठी प्रत गाळली की तीच भिंत १६ एमबीत बसते. एका पायरीत तीन चतुर्थांश जागा मोकळी करणारी दुसरी कोणतीही सेटिंग माझ्या माहितीत नाही.

तरीही आधी खात्री करून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये `Performance` खाली जीपीयू निवडा आणि `Dedicated GPU memory` व `Shared GPU memory` हे दोन्ही आलेख गेम अडखळतानाच्या क्षणी पाहा. पहिला छताला टेकलेला असेल आणि त्याच वेळी दुसरा वर चढत असेल, तर रोग हाच. पहिला भरलेला आहे एवढ्यावरून मात्र काही सिद्ध होत नाही; कित्येक गेम जागा मोकळी दिसली की ती आधीच राखून ठेवतात. दुसरा आलेखही कधी पूर्ण शून्यावर नसतो. म्हणून सुरळीत चालताना तो किती असतो हे आधी टिपून ठेवा आणि वाढ त्यावरून मोजा.

पलासिया_१४४०

मला हा सल्ला अजिबात मान्य नाही. १४४० पीचा मॉनिटर घेतला, त्यावर डोळे लावून तासन्‌तास बसायचे आणि सर्वांत आधी टेक्स्चरच उतरवायचे, हे उलटे गणित आहे. कपड्याचा पोत, दगडावरची कोरीव नक्षी, पाटीवरची अक्षरे हे सगळे टेक्स्चरमधून येते आणि प्रत्येक फ्रेममध्ये सतत डोळ्यांसमोर असते. याउलट, चालत्या गेममध्ये ओल्या रस्त्यावरचे प्रतिबिंब रे ट्रेसिंगने आले की साध्या पद्धतीने आले, याकडे किती जण थांबून पाहतात?

रे ट्रेसिंगसाठी दृश्यातल्या प्रत्येक वस्तूच्या भूमितीची एक वेगळी शोधरचना कार्डाच्या मेमरीत बांधून ठेवावी लागते. शहरासारख्या दाट जागी ती रचना आणि तिच्या जोडीचे बफर मिळून काही शे एमबी सहज घेतात, काही गेममध्ये एक जीबीच्याही पुढे जातात. धागाकर्त्याने नेमके शहराचेच नाव घेतले आहे. रे ट्रेसिंग बंद केले तर जागा सुटतेच, शिवाय गतीही वाढते, आणि गती वाढणे हे टेक्स्चर उतरवून कधीच मिळणार नाही.

सावल्यांचेही तसेच. ४०९६ चा, ३२ बिटांचा एक सावलीनकाशा ६४ एमबीचा असतो. सूर्याच्या सावलीसाठी असे चार लागले तर २५६ एमबी झाले; २०४८ वर आणले तर ६४ एमबीत काम भागते. दूरच्या सावलीची कड किंचित मऊ झाली तर मला चालेल, पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचे मेण झालेले चालणार नाही.

सुदामानगर_गेमर

दोघांनीही सोपी गोष्ट सोडून दिली. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये `Texture filtering - Quality` नावाचा पर्याय आहे. तो `High performance` वर ठेवा, ॲनिसोट्रॉपिक १६ वरून ४ वर आणा आणि रिझोल्यूशन १०८० पी करा. टेक्स्चर अल्ट्रावरच राहील आणि मेमरीही सुटेल. दुकानदार काही चुकीचे बोललेले नाहीत. पिक्सेल जवळपास निम्मे झाले की मेमरीही निम्मी लागते.

लोकमान्यनगर

सुदामानगर, पिक्सेल कमी केले की काही मेमरी सुटते हे खरे आहे, पण निम्मी नव्हे, आणि या प्रश्नात मुद्दा तोच आहे.

`Texture filtering` मेमरीत असलेले टेक्स्चर कसे वाचायचे एवढेच ठरवते. टेक्स्चरचा आकार त्याने बदलत नाही. ॲनिसोट्रॉपिकचेही तसेच, १६ वरून ४ वर आणलेत तर तिरकस दिसणारा रस्ता पुसट होईल आणि व्हीआरॅमचा आकडा जागचा हलणार नाही. हे दोन्ही पर्याय आहेत तसेच राहू द्यावेत.

आता रिझोल्यूशन. १४४० पीच्या पडद्यावर सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात, १०८० पीवर सुमारे २१ लाख. पडद्याच्या आकाराचा एक बफर पिक्सेलमागे ८ बाइटचा धरला तर तो पहिल्या ठिकाणी साडेएकोणतीस एमबीचा आणि दुसऱ्या ठिकाणी साडेसोळा एमबीचा होतो. गेम असे वीस बफर वापरतो असे उदाहरणादाखल समजू, म्हणजे फरक पडला सुमारे २६० एमबीचा. आठ जीबीमधला बाकीचा ऐवज, म्हणजे टेक्स्चर, भूमिती, सावलीनकाशे आणि रे ट्रेसिंगची रचना, पडद्याच्या मापाने घटत नाही किंवा फारच थोडा घटतो. २६० एमबीसाठी सगळा पडदा धूसर करणे मला महागाचे वाटते.

आणि इथे तर डीएलएसएस क्वालिटी आधीच चालू आहे. म्हणजे आतले चित्र १७०७ बाय ९६० वर रेखाटले जाते. आतले कितीतरी बफर अगोदरच लहान झालेले आहेत. १४४० पीचे राहिले आहेत ते शेवटचे चित्र आणि त्यामागचा इतिहास ठेवणारे. शिवाय डीएलएसएसवर चालताना नीट बनवलेला गेम टेक्स्चरची प्रत १४४० पीच्याच हिशेबाने निवडतो, नाहीतर चित्र मऊ दिसेल. त्यामुळे डीएलएसएस अजून खाली नेले तर गती वाढेल, पण टेक्स्चरचा भार जवळपास तेवढाच राहील.

पलासिया, रे ट्रेसिंगबद्दलचा आपला मुद्दा मी मान्य करतो. माझी हरकत ‘टेक्स्चर उतरवले की चेहऱ्याचे मेण होते’ या वाक्याला आहे. अल्ट्रा आणि हाय यांत बहुतेक नव्या गेममध्ये सर्वांत मोठी प्रत गाळलेली नसते. फक्त टेक्स्चरसाठी राखलेला साठा लहान केलेला असतो. साठा लहान झाला तरी जवळच्या वस्तूची पूर्ण प्रत येते, मागच्या गल्लीतल्या वस्तूची येत नाही. तुमच्या गेममध्ये कोणता प्रकार आहे हे ओळखायचे असेल तर टेक्स्चर हायवर ठेवून गेम पुन्हा सुरू करा, एखाद्या कोरीव भिंतीला नाक लावून उभे राहा आणि काही सेकंद थांबा. भिंत हळूच स्पष्ट झाली तर साठा लहान झाला आहे. कितीही थांबलात तरी पुसटच राहिली, तर मोठी प्रत खरोखरच गाळलेली आहे. गेम पुन्हा सुरू करणे मात्र विसरू नका, कारण सेटिंग बदलल्यावर जुना माल पुष्कळदा मेमरीतच पडून राहतो आणि ‘टेक्स्चर उतरवले, काही फरक पडला नाही’ असा निष्कर्ष निघतो.

स्नेहलतागंज

माझ्याकडेही हीच अडचण आहे म्हणून लिहिते. रायझन ५ ५६००जी आहे, वेगळे कार्ड नाही, ८ जीबीची एकच रॅमपट्टी आहे. बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी ५१२ एमबी होते, ते मी २ जीबी केले. तरी जुना गेमसुद्धा अडखळतो आणि टेक्स्चर लो केले तरी तसाच. मग टेक्स्चरचा एवढा गाजावाजा कशासाठी?

लोकमान्यनगर

ताई, आपली अडचण दिसायला सारखी असली तरी मूळ निराळे आहे. आपल्या संगणकात कार्डाची वेगळी मेमरी नाहीच. ‘आपली’ आणि ‘उसनी’ दोन्ही एकाच रॅममधून येतात. त्यामुळे ५१२ एमबीचे २ जीबी केल्याने वेग वाढला नाही, उलट विंडोजसाठी ८ पैकी ६ जीबीच उरले आणि आता गेम बहुधा डिस्कवरच्या पेजफाइलपर्यंत जातो आहे. तो आकडा पुन्हा लहान करा आणि त्याच क्षमतेची दुसरी पट्टी बसवा. दोन पट्ट्यांनी मेमरीची वाट रुंद होते आणि आपल्या प्रोसेसरच्या ग्राफिक्सला सर्वांत जास्त उणीव तिचीच आहे.

राजेंद्रनगरकर

काका, आपण सांगितले तसे आलेख पाहिले. सुरळीत चालताना शेअर्ड मेमरी ०.२ जीबीच्या आसपास होती. शहराच्या चौकात डेडिकेटेड ७.७ वर अडकली आणि शेअर्ड १.३ पर्यंत चढली. झटके नेमके त्याच वेळी बसले. जीपीयू-झेडमध्ये `Bus Interface Load` त्या क्षणी उसळत होता आणि `GPU Load` खाली पडत होता.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. गेम सुरू करण्याआधीच १.१ जीबी व्यापलेले होते. ब्राउझर, चॅटचे ॲप, हलता वॉलपेपर आणि बाजूचा दुसरा मॉनिटर. ब्राउझर आणि वॉलपेपर बंद केला, चॅटच्या ॲपमधले हार्डवेअर ॲक्सिलरेशन काढले. आता आकडा ०.५ आहे. त्यानंतर शहरात शेअर्ड ०.७ च्या पुढे गेली नाही. झटके कमी झाले, गेले नाहीत.

पलासिया_१४४०

माझ्या म्हणण्याला हाच पुरावा आहे. गेमच्या एकाही सेटिंगला हात न लावता ०.६ जीबी परत मिळाले. उरलेला उपसा म्हणजे शेअर्डमधले ०.७ उणे नेहमीचे ०.२, अर्धा जीबी. रे ट्रेसिंग बंद करा, एवढे निघून जाईल आणि टेक्स्चर अल्ट्रावरच राहील. अर्ध्या जीबीसाठी दोन पायऱ्या उतरण्याचे काय कारण?

लोकमान्यनगर

अर्ध्या जीबीचा हिशेब बरोबर आहे. त्यावर बांधलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. आज चौकात अर्धा जीबी जास्त होतो म्हणून नेमका अर्धा जीबी मोकळा केला, तर गेम काठावर चालेल. पुढचा भाग अधिक दाट निघाला किंवा मध्येच कोणी ब्राउझर उघडला, की पुन्हा तेच. मी तीनशे-चारशे एमबी हाताशी मोकळे ठेवतो, आणि ते टेक्स्चर एक पायरी उतरवल्याने मिळतात. दोन पायऱ्या उतरा असे मीही म्हटलेले नाही.

सुदामानगर_गेमर

अनरियल इंजिनाचा गेम असेल तर टेक्स्चरचा साठा फाइलमधून हाताने वाढवता येतो. मी `Engine.ini` मध्ये ६००० लिहिले आणि पुसट टेक्स्चर उशिरा उमटण्याचा त्रास थांबला.

लोकमान्यनगर

तो आकडा एमबीमध्ये असतो, आणि आपल्याकडे १२ जीबीचे कार्ड असेल तर ६००० खपून जाईल. इथे आठ जीबीपैकी अर्धा जीबी डेस्कटॉपचा, मग बफर, सावल्या, भूमिती आणि रे ट्रेसिंग. सहा हजार टेक्स्चरला दिले तर उतू जाणे ठरलेलेच. तीच ओळ उलट्या दिशेने मात्र फार उपयोगी आहे, कारण मेनूतल्या अल्ट्रा आणि हायच्या मधली जागा तिच्यामुळे मिळते. गेम अनरियलचा असेल आणि ती फाइल मानत असेल, तर एवढे लिहून पाहावे:

```
[SystemSettings]
r.Streaming.PoolSize=3000
```

३००० वर शेअर्ड मेमरी नेहमीच्या पातळीला आली, तर दोन-दोनशेने वाढवत न्यावे आणि ती चढू लागली की एक पाऊल मागे यावे. ऑनलाइन गेममध्ये, जिथे फसवणूक रोखणारी प्रणाली चालू असते, तिथे अशा फाइलींना हात लावू नये.

आकडा फार खालीही नेऊ नये. साठा इतका लहान झाला, की समोरच्याच दृश्यात मावेना, तर इंजिन एकीकडून टेक्स्चर टाकून देते आणि दुसरीकडून एसएसडीवरून तेच पुन्हा मागवते. त्या वेळी डेडिकेटेडमध्ये मोकळी जागा दिसते, शेअर्ड शांत असते, तरीही चित्र अडखळते आणि भिंती डोळ्यांदेखत पुसट-स्पष्ट होत राहतात. ‘टेक्स्चर लो केले तरी अडखळते’ या तक्रारींपैकी काहींचे मूळ हे असते.

राजेंद्रनगरकर

दोन्ही करून पाहिले, प्रत्येक वेळी गेम नव्याने सुरू करून. टेक्स्चर अल्ट्रा आणि रे ट्रेसिंग बंद : शहरात शेअर्ड ०.२, डेडिकेटेड ७.४, झटके नाहीत, गतीही वाढली. टेक्स्चर हाय आणि रे ट्रेसिंग चालू : शेअर्ड ०.२, डेडिकेटेड ७.१, झटके नाहीत, गती पूर्वीएवढीच. भिंतीची परीक्षाही घेतली. हायवर ती क्षणभर पुसट राहिली आणि मग पूर्ण स्पष्ट झाली.

मला स्वतःला दुसरी जोडी आवडली, कारण रात्रीच्या पावसातला बाजार रे ट्रेसिंगशिवाय फार सपाट दिसतो. भाऊ पहिल्या जोडीवर अडून बसला आहे. त्याला गती हवी.

एक शंका उरली. नदीवरचा पूल पहिल्यांदा ओलांडताना दोन्ही जोड्यांमध्ये एक मोठा झटका बसला. परत फिरून पुन्हा ओलांडला तेव्हा बसला नाही.

पलासिया_१४४०

भावाचा कौल माझ्या बाजूने आहे एवढे नोंदवून ठेवते! पण ७.४ वरचा काठ पाहता लोकमान्यनगर यांचा हाताशी जागा ठेवण्याचा आग्रह मला आता पटतो. त्या जोडीत सावल्या एक पायरी खाली आणा, दीड-दोनशे एमबी मिळतील. टेक्स्चरबद्दलचे माझे मत बदललेले नाही. ज्या गेममध्ये हायवर मोठी प्रत गाळली जाते, तिथे मी रे ट्रेसिंगच सोडेन.

लोकमान्यनगर

पुलावरचा झटका व्हीआरॅमचा दिसत नाही. पहिल्या फेरीत बसतो आणि दुसऱ्या फेरीत नाही, हे शेडर ऐन वेळी तयार होण्याचे लक्षण आहे. मेमरी भरल्याचा झटका त्याच जागी पुन्हा पुन्हा बसतो. नव्या भागाचा माल एकदम आत घेतानाही असे होते, पण ते सहसा दुसऱ्या फेरीतही थोडेफार जाणवते. गेम बंद करून पुन्हा सुरू करा आणि त्याच पुलावर जा. झटका नसेल तर तयार झालेले शेडर डिस्कवर साठवले गेले आहेत. ड्रायव्हर बदललात की एकदा पुन्हा बसू शकेल. त्यासाठी टेक्स्चर, सावल्या किंवा रे ट्रेसिंग यांपैकी कशालाही हात लावू नका.

राजेंद्रनगरकर

आत्ताच पाहून आलो. पूल सुरळीत पार झाला. गाव ओलांडून डोंगरात शिरताना मात्र एक बारीक अडखळ दोन्ही वेळा जाणवली आणि शेअर्ड ०.२ वरच होती.

सुदामानगर_गेमर

त्या क्षणी प्रोसेसरचा एखादा कोअर शंभर टक्क्यांवर जातो का ते बघा. रायझन ५ ३६०० वर माझ्याकडेही डोंगरातच असे होते, आणि कार्ड १२ जीबीचे असूनही.